जप्तीनंतरचे खरेदीखत आणि मेव्हण्याचा संचकार

वाचकाचे पत्र

उसने दिलेल्या पैशांसाठी बेळगावच्या कोर्टात दावा लावला होता. 2022 मध्ये माझ्या बाजूने निकाल होऊन डिक्री झाली. व्याज आणि खर्च धरून आज येणे साधारण 6,40,000 रुपये आहे. देणेकरी सरकारी शाळेत शिक्षक आहेत, पगार 61,000. डिक्रीच्या वसुलीसाठी दरखास्त दिल्यावर जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने पगार आणि खानापूर तालुक्यातली 1 एकर 10 गुंठे जमीन जप्त केली. पगार काढणाऱ्या ऑफिसने कळवले की सोसायटीचे हप्ते वजा जाता हातात 19,000 उरतात, कापायला काही नाही. लिलावाची नोटीस निघाली तेव्हा देणेकऱ्याच्या मेव्हण्याने सप्टेंबरमध्ये हरकत घेतली: 'जून 2024 चा संचकार माझ्याकडे आहे, 5 लाख रोख दिलेत, ताबाही माझाच आहे, मार्च 2025 मध्ये खरेदीखतही झाले आहे.' संचकार, म्हणजे विक्रीचा करार, स्टँपवर आहे पण रजिस्टर नाही. आमचे वकील म्हणतात, आता नवा दावा लावावा लागेल. देणेकऱ्याची महाराष्ट्रात चंदगडलाही जमीन आहे. काय करावे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर

नवा दावा तुम्हाला लावायचा नाही, आणि मेव्हण्यालाही आज तरी लावता येणार नाही. जप्तीला तिऱ्हाइताने हरकत घेतली की ती त्याच दरखास्तीत, त्याच कोर्टाने, मालकीच्या प्रश्नासकट निकालात काढायची असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21, नियम 58 मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. 1976 च्या दुरुस्तीआधी हरकतीचा निकाल वरवरचा असे आणि हरलेला पक्ष वेगळा दावा लावी. ती जुनी सवय अजून काहींच्या बोलण्यात टिकून आहे. आता या हरकतीवर जो हुकूम होईल त्याला डिक्रीचेच बळ असते आणि त्यावर अपील होते. अपील जिल्हा न्यायालयात असेल तर 30 दिवस, उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठात असेल तर 90 दिवस मिळतात.

आधी पगार, कारण तिथे दर महिन्याला तुमचे नुकसान होते आहे.

पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याने हिशोब उलट्या टोकाने केला. जप्तीचा हिशोब हातात पडणाऱ्या रकमेवर होत नाही. संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगार म्हणजे महिन्याची एकूण मिळकत. त्यातून फक्त सरकारने अधिसूचना काढून जप्तीतून वगळलेले भत्ते बाजूला ठेवायचे. राहिलेल्या रकमेतले पहिले 1,000 रुपये सोडायचे, उरलेल्याचे दोन भाग देणेकऱ्याचे आणि एक भाग जप्तीचा. तुम्ही दिलेला 61,000 चा आकडा वगळलेले भत्ते काढून आहे असे धरले, तर 61,000 वजा 1,000 म्हणजे 60,000, आणि त्याचा तिसरा हिस्सा 20,000. एवढी रक्कम दरमहा कोर्टात यायला हवी. देणेकऱ्याकडे 41,000 राहतात. सोसायटीचे हप्ते, एलआयसी, कुणाला जामीन राहिल्याची कपात, हे सगळे त्या 41,000 मधून जावे. माणसाने स्वतःहून कर्जे काढून हातात येणारा पगार आटवला, म्हणून डिक्रीदाराचा तिसरा हिस्सा आटत नाही.

अधिकाऱ्याला हुकूम परत पाठवता येतो तो एका ठरावीक कारणाने: आधीच्या एखाद्या कोर्टाच्या जप्तीत हाच हिस्सा कापला जात असेल आणि ती जप्ती फिटलेली नसेल तर. तेव्हाही पूर्ण तपशील देऊन परत पाठवायचा. सोसायटीची नेहमीची कपात म्हणजे कोर्टाची जप्ती नव्हे. सोसायटीला आपला हक्क आधीचा वाटत असेल, तर तिने कपातीचा करार आणि त्याची तारीख घेऊन कोर्टापुढे यावे. अधिकाऱ्याने तिच्या वतीने निर्णय घेऊन टाकायचा नसतो.

म्हणून दरखास्तीत अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा. अधिकाऱ्याकडून मागच्या बारा महिन्यांचे पगारपत्रक मागवावे. माहिती अधिकारात ते मागत बसू नका, खासगी माहिती म्हणून बहुधा नाकारले जाते. कोर्टाचे समन्स गेले की येते. दुसरे, कापायची रक्कम किंवा ती काढण्याची रीत हुकमात आकड्यासह लिहावी, म्हणजे ऑफिसला अर्थ लावायला जागा राहत नाही. तिसरे, हुकूम पोचूनही पूर्ण पगार का दिला याची अधिकाऱ्याला नोटीस काढावी. ऑर्डर 21, नियम 48 प्रमाणे परत न पाठवलेला हुकूम सरकारवर बंधनकारक असतो, आणि त्याविरुद्ध वाटलेल्या रकमेची जबाबदारी सरकारवर येते. हे वाक्य अर्जात जसेच्या तसे घाला. ऑफिसची भाषा त्यानंतर बदलते.

घाई का, तर एकाच डिक्रीसाठी पगाराची जप्ती एकूण 24 महिनेच चालते. सलग असो वा तुटक, 24 महिने भरले की त्या डिक्रीपुरता पगार कायमचा सुटतो. महिना कोरडा गेला तरी 'जप्ती तर चालूच होती' असे देणेकऱ्याचे वकील म्हणू शकतात. त्यामुळे ज्या ज्या महिन्यात रक्कम आली नाही त्याची नोंद आत्तापासून कोर्टाच्या कागदावर आणा. आणि 24 गुणिले 20,000 म्हणजे 4,80,000. येणे 6,40,000 आहे, वर व्याज चढते आहे. पगार पुरता वसूल झाला तरी दीड लाखाच्या वर बाकी राहतेच. जमिनीवरची हरकत सोडून देता येणार नाही ती यासाठी.

आता मेव्हणा.

त्याच्या हातात दोन कागद आहेत आणि दोन्हींचे कायद्यातले वजन वेगळे आहे. खरेदीखत मार्च 2025 चे, म्हणजे जप्तीनंतरचे. संहितेचे कलम 64 सांगते की जप्तीनंतर देणेकऱ्याने खासगीत केलेले हस्तांतर जप्तीखालच्या मागणीपुरते निरर्थक असते. खरेदीखत अगदी खरे असेल, पूर्ण पैसे मोजले असतील, तरीही. इथे एक बारकावा तपासाच: खरेदीखतावर सही कधी झाली? रजिस्ट्रेशन नंतरचे पण सही जप्तीच्या आधीची असेल, तर दस्त सहीच्या तारखेपासून लागू होतो आणि मेव्हण्याची बाजू एकदम जड होते. सब-रजिस्ट्रार कचेरीतून दस्ताची नक्कल काढून पहिल्या आणि शेवटच्या पानावरच्या तारखा स्वतः बघा. दोन्ही मार्चच्या असतील तर हा मुद्दा संपला.

म्हणून तो संचकाराकडे धावतो. 'करार जप्तीच्या आधीचा, खरेदीखत म्हणजे फक्त त्याची पूर्तता' हे त्याचे म्हणणे एके काळी चालत असे. 2002 च्या दुरुस्तीने कलम 64 ला पोटकलम 2 जोडले आणि ही सवलत कुणाला ते ठरवून दिले: करार जप्तीच्या आधी झालेला हवा आणि जप्तीच्या आधी रजिस्टर झालेलाही हवा. त्याचा संचकार रजिस्टर नाही. तुमच्या जबाबाचा कणा हाच असू द्या. नुसत्या संचकाराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्येच आहे.

ताब्याच्या गोष्टीत तो स्वतःच अडकतो. विक्रीच्या करारावर ताबा घेतला असे म्हणून त्या ताब्याचे संरक्षण मागायचे, तर 24 सप्टेंबर 2001 नंतरचा तसा करार रजिस्टर असावाच लागतो. शिवाय कर्नाटकात ताब्यासह केलेल्या करारावर खरेदीखताइतका स्टँप लागतो. साध्या स्टँपवरचा कागद 'ताब्यासह' म्हणून पुढे आला, तर तो जप्त होऊन कमी पडलेला स्टँप आणि त्याच्या दहापट दंड भरेपर्यंत पुराव्यात घेता येत नाही. पण ही हरकत कागदाला निशाणी पडून तो पुराव्यात दाखल होण्याआधी, त्याच क्षणी उभे राहून घ्यावी लागते. एकदा निशाणी पडली की स्टँप कमी होता हे नंतर काढता येत नाही. बऱ्याच प्रकरणांत ही संधी एका तारखेला वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले असल्याने जाते. मेव्हण्याच्या साक्षीची तारीख तुमच्या वकिलांच्या डायरीत ठळक करून घ्या.

त्याच्याकडे एक खरा मुद्दा आहे, तो आधीच ओळखून ठेवा. विक्रीपोटी आगाऊ दिलेल्या पैशांसाठी खरेदीदाराचा जमिनीवर बोजा असतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये आहे. म्हणजे मालकी सिद्ध झाली नाही तरी 'माझे 5 लाख आधी द्या, मग तुमची जप्ती' असे तो म्हणू शकतो, आणि बोजा मान्य करून जप्ती कायम ठेवण्याचा अधिकार कोर्टाला नियम 58 खालीच आहे. तेव्हा खरी लढाई 5 लाख रोख दिले का, याची आहे.

ती कागदांवर लढायची. संचकार ई-स्टँपवर असेल तर वर IN-KA ने सुरू होणारा सर्टिफिकेट नंबर असतो. तो ई-स्टँपच्या संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावाने, कोणत्या कामासाठी, कोणत्या दिवशी आणि किती वाजता स्टँप निघाला हे दिसते. कराराची तारीख जून आणि स्टँप त्यानंतरचा, किंवा 'कामाचे स्वरूप' भलतेच, असे सापडले तर निम्मे काम झाले. तारीख जुळली तरी थांबू नका, कारण आधी काढून ठेवलेला कोरा स्टँप नंतर लिहिता येतो. मेव्हण्याचे जून 2024 च्या आधीचे सहा महिन्यांचे बँक पासबुक मागवा: 5 लाख काढल्याची नोंद आहे का, नसेल तर पैसे आले कुठून? स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने 2015 पासून मनाई केली आहे. त्यामुळे करार रद्द होत नाही, पण पगारदार शिक्षकाने 5 लाख रोखच का घेतले आणि ते गेले कुठे, हा प्रश्न विचारायला जागा मिळते. शिक्षकांनी त्या वर्षी ऑफिसला मालमत्तेची माहिती दिली असेल तर त्यात हे 5 लाख आहेत का, हेही मागवून घ्या.

उताऱ्याकडे त्यानंतर वळा. भूमी केंद्रातून 2023-24, 2024-25 आणि चालू सालाची आरटीसी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढा आणि पीक-पाण्याच्या रकान्यात कसणाऱ्याचे नाव वाचा. जून 2024 ला ताबा गेला म्हणणाऱ्याचे नाव तिथे नसेल आणि शिक्षकांचेच असेल, तर उलटतपासणीत तो उतारा त्याच्या हातात द्या. सोबत 2020 पासूनची ईसी, म्हणजे जमिनीवर रजिस्टर झालेल्या व्यवहारांचा दाखला. कन्नड वाचता येत नसेल तर 'त्यात काय आहे ते ठाऊक आहे' असे धरून चालू नका. एखाद्या जाणत्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या; मोडी वाचायला माणूस शोधत होतो तसेच हे.

आता तुमच्या बाजूचा कच्चा दुवा. मेव्हण्याचे वकील म्हणणार की मार्चपूर्वी जप्ती झालीच नव्हती, फक्त हुकूम निघाला होता. जमिनीची जप्ती म्हणजे देणेकऱ्याला हस्तांतर करू नये म्हणून दिलेला मनाई हुकूम, जागेवर दवंडी किंवा तिथल्या रिवाजाप्रमाणे जाहीर करणे, आणि हुकमाची प्रत जमिनीवर ठळक जागी, कोर्टात, सारा भरणारी जमीन असल्याने जिल्हाधिकारी कचेरीत आणि ग्रामपंचायतीत लावणे. बेलीफचा अहवाल आणि पंचनाम्याची नक्कल आजच मागवा. पाहायचे ते असे: सर्व्हे नंबर आणि हिस्सा बरोबर आहे का, चतुःसीमा लिहिल्या आहेत का, दवंडीची तारीख आणि पंचांच्या सह्या आहेत का, पंचायतीत प्रत लावल्याचा उल्लेख आहे का. 'गावात जाऊन जप्ती केली' अशी एकच ओळ असेल तर बेलीफ आणि एका पंचाला साक्षीला बोलवा. हिस्सा नंबर चुकलेला असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे, आणि ते हरकतीच्या सुनावणीआधी वकिलांना दाखवा.

जप्तीचा हुकूम तहसीलदारांकडे लेखी देऊन आरटीसीच्या 11 व्या रकान्यात नोंद करून घेतली होती का? घेतली असती तर सब-रजिस्ट्रारच्या टेबलावरच खरेदीखत अडखळले असते. अजूनही करा. मेव्हण्याच्या नावे म्युटेशन चालू असेल तर भूमी केंद्रात जप्तीच्या हुकमाची नक्कल जोडून हरकत द्या, नाहीतर लिलावाच्या वेळी उताऱ्यावर भलतेच नाव असेल आणि बोली लावायला कुणी येणार नाही.

दोन मोह टाळा. हरकत आठ महिन्यांनी आली, म्हणून 'मुद्दाम उशीर' या कारणावर ती ऐकूच नये असा अर्ज द्यावासा वाटेल. कोर्टाला तो अधिकार आहे. पण कोर्टाने हरकत ऐकायला नकार दिला तर मेव्हण्याला स्वतंत्र दावा लावण्याची मुभा मिळते, आणि त्यासाठी एक वर्ष. तुम्ही जे टाळू पाहता तेच होईल. उशीर हा त्याच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून वापरा, दार बंद करायला नको. निकाल गुणदोषावर होऊ दे, म्हणजे त्याच्यापुढे फक्त अपील उरते. दुसरा मोह 'दावा चालू असताना विकले म्हणून विक्री बेकायदा' असे लिहिण्याचा. तो नियम ज्या दाव्यात जमिनीचाच वाद असतो त्याला लागतो, पैशांच्या दाव्याला नाही. चुकीचे कलम लिहिले की बरोबर कलमावरचाही विश्वास कमी होतो.

कोर्टाला हरकत चालू असताना लिलाव पुढे ढकलता येतो किंवा लिलाव करून कायम करणे थांबवता येते. दुसरा मार्ग चपळ दिसतो, पण वादातली जमीन घ्यायला गावातला माणूस पुढे येत नाही. आला तर पडत्या भावाने. आधी हरकत संपवा. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकालात काढाव्यात, लांबल्यास कारण लिहावे असे सांगितले आहे. त्याचा उल्लेख करून जवळच्या तारखा मागा.

तडजोडीचे बोलणे येईल, ते झिडकारू नका. जप्तीमुळे खरेदीखत पूर्णपणे रद्द होत नाही, तुमच्या रकमेपुरतेच ते निष्प्रभ असते. येणे आणि खर्च कोर्टात भरला की जप्ती उठते आणि जमीन मेव्हण्याकडे राहते. लिलाव झाल्यानंतरही 60 दिवसांत, जाहीरनाम्यातली रक्कम अधिक बोलीच्या 5 टक्के भरून त्याला विक्री रद्द करून घेता येते. जमिनीची किंमत येण्यापेक्षा बरीच जास्त असेल तर हेच होण्याचा संभव मोठा. रक्कम हातात रोख घेऊन पावती देऊ नका, कोर्टातच भरायला सांगा. बाहेर घेतलेली रक्कम कोर्टात नोंदली गेली नाही तर दोघांनाही पुढे त्रास.

चंदगडच्या जमिनीवर बेळगावचे कोर्ट थेट जप्ती काढू शकत नाही. आपल्या हद्दीबाहेरच्या मालमत्तेवर अंमल करण्यास संहितेचे कलम 39 पोटकलम 4 आड येते. सरकारी नोकराच्या पगाराला ही अडचण नाही, कारण नियम 48 हद्द बघत नाही. खासगी नोकरदार असता तर पगार काढणारा हद्दीत आहे का हे बघावे लागले असते. चंदगडसाठी डिक्री तिकडच्या दिवाणी न्यायालयाकडे पाठवण्याचा अर्ज बेळगावातच द्या. सोबत डिक्रीची नक्कल, किती वसूल झाले आणि किती बाकी याचे प्रमाणपत्र, आणि आजवरच्या अंमलबजावणीच्या हुकमांच्या नकला जातात. कन्नड कागदांचे मराठी किंवा इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा, नाहीतर पहिल्या दोन तारखा त्यातच जातील. त्याआधी चंदगडचा ताजा सातबारा काढून 'इतर हक्क' वाचा. जिल्हा बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा त्यावर असेल तर ती जमीन दिसते तेवढी भरीव नसेल. शिक्षकांची आणखी काय मालमत्ता आहे हे त्यांच्याच शपथपत्रातून वदवून घेण्याची सोय ऑर्डर 21, नियम 41 मध्ये आहे. शपथपत्र देण्याचा हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग होऊ शकतो. पगाराचा अर्ज देताना हाही जोडीने द्या, एकाच तारखेला दोन्ही निघतील.